पाय बाहेर, तोंड मात्र दिसत नाही: अडलेल्या शेळीमेंढीची सोडवणूक आणि ओढणे थांबवण्याची वेळ

समस्या नेहमी याच रूपात समोर येते. शेळी किंवा मेंढी कळा देत आहे, पाणमोट फुटून पाऊण तास होत आला आहे, दोन खूर बाहेर दिसतात, आणि प्रत्येक कळेबरोबर ते दोन बोटे पुढे येऊन पुन्हा तेवढेच आत जातात. पाहणाऱ्याला वाटते की थोडासा जोर लावला की करडू येईल, म्हणून तो पाय धरून ओढतो. करडू पुढे येत नाही, म्हणून तो आणखी जोराने ओढतो. माझ्या पाहण्यात जी करडे आणि ज्या माता हातच्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या ओढीने गेल्या. करडू कसे अडकले आहे हे कोणी आधी पाहिलेच नव्हते. त्यामुळे या लेखात मी प्रामुख्याने एकाच स्थितीविषयी लिहिणार आहे: पुढचे दोन्ही पाय आले आहेत, पण मान मागे वळून डोके आतच राहिले आहे. ही स्थिती नीट समजली की बाकीच्या स्थिती ओळखणे बरेच सोपे जाते.

आधी सरळ प्रसूती कशी असते ते डोळ्यांसमोर असावे. करडू सूर मारणाऱ्या माणसासारखे येते. पुढचे दोन्ही पाय लांब केलेले, एक किंचित पुढे आणि एक किंचित मागे, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि नाक गुडघ्यांवर टेकलेले असते. पाणमोट दिसल्यावर किंवा फुटल्यावर जोराच्या कळा सुरू होतात आणि सर्वसाधारणपणे अर्ध्या ते एक तासात पहिले करडू बाहेर येते. त्याआधीची अवस्था, म्हणजे शेळी कळपापासून दूर जाते, जमीन उकरते, उठबस करते, चिकट स्राव दोरीसारखा लोंबतो, ती अनेक तास चालू शकते आणि पहिलारू असेल तर अधिकच लांबते. त्या काळात हात घालू नये, कारण तेव्हा गर्भाशयमुख अजून उघडत असते. घड्याळ पाहायचे ते जोराच्या कळा सुरू झाल्यापासून. अर्धा तास सलग जोर करूनही काहीच पुढे सरकत नसेल, किंवा जे दिसते आहे ते विचित्र असेल (एकच पाय, नुसते डोके, नुसती शेपटी), तर आत काय आहे ते तपासण्याची वेळ झाली असे समजावे.

हात घालण्यापूर्वी

नखे कापलेली असावीत, अंगठी आणि घड्याळ काढलेले असावे, आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले असावेत. शेळीचा मागचा भागही कोमट पाण्याने आणि सौम्य जंतुनाशकाने धुवावा. लांब हातमोजे घालावेत. वंगणासाठी प्रसूतीची जेली वापरावी आणि ती सढळ हाताने वापरावी. पाणमोट फुटून वेळ गेला की मार्ग कोरडा पडतो, आणि कोरड्या मार्गातून ओढलेले करडू आईच्या आतल्या अस्तराची साल काढत येते. भांडी किंवा कपडे धुण्याचा साबण वंगण म्हणून वापरू नये, कारण तो नैसर्गिक ओलसरपणाही धुऊन नेतो.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. गरोदर स्त्रीने अडलेल्या शेळीमेंढीच्या प्रसूतीला हात लावू नये, तिची वार किंवा गर्भजल हाताळू नये, आणि त्यांनी भिजलेले कपडेही धुऊ नयेत. शेळ्यामेंढ्यांत गर्भपात घडवणारे काही जंतू, उदाहरणार्थ क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया आणि ब्रुसेला, माणसाच्या गर्भालाही धोका पोहोचवू शकतात. इतरांनीही हातमोज्यांशिवाय काम करू नये.

दिसणारे पाय कोणते आणि कोणाचे

ओढण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाताने मिळवायची असतात. पहिला प्रश्न असा की हे पाय पुढचे की मागचे. खुराचा तळवा खाली असेल तर बहुधा पुढचा पाय आणि वर असेल तर बहुधा मागचा, असे म्हटले जाते. परंतु करडू पाठीवर उलटे असेल तर ही खूण फसवते. खात्रीची खूण सांध्यांत आहे. खुरापासून वर बोट न्यावे. पहिला सांधा वाकवून पाहावा, मग दुसरा. दोन्ही एकाच दिशेला वाकत असतील तर पाय पुढचा आहे आणि दुसरा सांधा हा गुडघा आहे, जो हाताला गोलसर लागतो. दोन्ही विरुद्ध दिशांना वाकत असतील तर पाय मागचा आहे, आणि दुसऱ्या सांध्यावर टाचेचे टोक स्पष्ट हाताला लागते. हे डोळे मिटून करावे. मी अजूनही तसेच करतो, कारण आत डोळ्यांचा उपयोग नसतो आणि मिटले की बोटे अधिक नीट सांगतात. जन्मलेले निरोगी करडू जवळ असेल तेव्हा त्याचे पाय असेच चाचपून सराव करून ठेवावा.

दुसरा प्रश्न असा की दोन्ही पाय एकाच करडाचे आहेत का. जुळी आणि तिळी असताना दोन करडे एकाच वेळी दाराशी येऊन एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे दोन पाय बाहेर येणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी दोन्ही ओढले तर दोन करडे एकत्र पाचर बसल्यासारखी अडकतात. म्हणून एका पायावरून बोट वर खांद्यापर्यंत न्यावे, तिथून छातीवरून आडवे पलीकडे जावे आणि दुसऱ्या खांद्यावरून खाली उतरावे. हात करडाच्या अंगावरून कुठेही न उचलता दुसऱ्या खुरापर्यंत पोहोचला तरच दोन्ही पाय एकाचे मानावेत. मध्ये हात उचलावा लागला तर खात्री झाली असे समजू नये.

मान वळलेली असेल तर

पाय पुढचे आहेत आणि एकाच करडाचे आहेत, पण गुडघ्यांवर नाक नाही. आता छातीवरून मान शोधावी. ती सहसा एका बाजूला वळून डोके करडाच्या बरगड्यांकडे टेकलेले असते, क्वचित ते छातीखाली दबलेले असते. अशा वेळी पाय ओढले की छाती पुढे येऊन कटीच्या हाडांच्या कड्यात बसते, मानेचा बाक अधिक घट्ट होतो आणि डोके अधिक मागे जाते. म्हणजे ओढण्याने समस्या वाढते. सुटका ओढून होत नाही. आधी आत ढकलून जागा करावी लागते, मगच डोके फिरवता येते.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः हे शिकलो ते फार मोठी किंमत देऊन. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून असे दोन पाय जवळजवळ तासभर ओढले होते. करडू मेलेले निघाले, शेळीला आतून लाल रक्त येत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तीही गेली. गर्भाशय फाटले होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. नाक हाताला लागल्याशिवाय पुढच्या पायांवर जोर लावायचा नाही.

त्यानंतरची एक प्रसूती इथे तपशिलाने सांगतो, कारण तिच्यात काय केले आणि का केले हे क्रमाने दिसते. शेळीचे दुसरे वेत होते, दिवस 149 भरले होते, पोट पाहता जुळी असावीत असा अंदाज होता. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी पाणमोट फुटली. 12 वाजून 10 मिनिटांपर्यंत दोन खूर दिसू लागले होते, तळवे खाली, परंतु दोन बोटांपलीकडे काही येत नव्हते. हात धुऊन, जेली लावून, कळ ओसरल्यावर बोटे शंकूसारखी जुळवून आत घातली. सांधे एकाच दिशेला वाकले, म्हणजे पुढचे पाय. छातीवरून आडवे गेलो, दोन्ही एकाचेच. गुडघ्यांवर मात्र काही नव्हते. मान करडाच्या डाव्या अंगाला वळलेली होती आणि कानाचे मूळ बोटाच्या टोकाला जेमतेम लागत होते.

त्याच क्षणी, पुढचे काही करण्याआधी, पशुवैद्यकांना फोन केला. हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी स्वतः प्रयत्न करू आणि नाही जमले तर बोलावू, असा विचार केला तर डॉक्टर पोहोचण्याचा वेळ प्रयत्नांच्या वेळेत मिळवला जातो. उलट फोन आधी केला तर आपले प्रयत्न त्यांच्या येण्याच्या वेळेतच होतात, आणि करडू निघाले तर दुसऱ्या फोनवर येऊ नका म्हणता येते. त्यांनी फोनवर सांगितले की पंधरा मिनिटे प्रयत्न करा, त्यात डोके फिरले नाही तर हात बाहेर काढा आणि शेळीला शांत ठेवा.

मग दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या सांध्याच्या वर, स्वच्छ उकळलेल्या मऊ दोरीचे फास घातले. दोरी ओढण्यासाठी नव्हती. पाय आत ढकलल्यावर ते हरवू नयेत म्हणून होती. शेळीचा मागचा भाग गवताच्या पेंढीवर थोडा उंच केला, त्यामुळे आतली करडे पोटाकडे सरकून कटीपाशी जागा मोकळी झाली. एका माणसाने तिला पुढून धरले. नंतर तळहात करडाच्या छातीवर ठेवून, ती कळ देत नसताना, हळूहळू आत ढकलले. कळ आली की थांबायचे, पण मिळवलेली जागा सोडायची नाही, म्हणजे हात तिथेच ठेवायचा. कळेच्या विरुद्ध ढकलले तर गर्भाशयाची भिंत फाटू शकते. तीन कळांनंतर जबडा हाताला लागला. नाक तळहातात पूर्ण झाकून घेतले, कारण नवजाताचे दातही आतल्या भिंतीला कापू शकतात, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी छाती मागे दाबत नाक बाहेरच्या बाजूने वळवून कटीच्या तोंडाशी आणले.

डोके एकदा आले, आणि हात सोडताच पुन्हा मागे फिरले. हे फार वेळा होते. अशा वेळी डोक्यालाही दोरीचा फास लावावा लागतो: तो दोन्ही कानांच्या मागून घेऊन तोंडातून जाईल असा. गळ्याभोवती फास कधीही घालू नये, आणि नुसत्या खालच्या जबड्याला दोरी बांधून ओढू नये, तो मोडतो. डोक्याची दोरी दुसऱ्या माणसाने नुसती ताणून धरायची, ओढायची नाही. ती डोक्याला वाटेवर ठेवते, एवढेच तिचे काम.

आता ओढणे सुरू झाले, आणि तेही शेळीच्या कळेबरोबरच. ती जोर करेल तेव्हा ओढायचे, ती थांबेल तेव्हा थांबायचे. आधी एक पाय किंचित पुढे, मग दुसरा, म्हणजे खांदे तिरके होऊन एकेक करून कटीतून निघतात. डोके बाहेर येईपर्यंत सरळ मागे, आणि खांदे निघू लागले की खाली, शेळीच्या मागच्या टाचांच्या दिशेने वळवत ओढायचे, कारण प्रसूतीचा मार्ग तसाच वाकलेला असतो. 12 वाजून 40 मिनिटांनी पहिले करडू बाहेर आले. तोंडाभोवती थोडी सूज होती, मान डावीकडे झुकलेली होती, पण गवताच्या काडीने नाकपुडी गुदगुल्या केल्यावर ते शिंकले. नाक-तोंड पुसून, कोरड्या कापडाने जोराने चोळून ते आईच्या तोंडापुढे ठेवले. पाय धरून गरगर फिरवण्याची पद्धत मी सोडून दिली आहे. त्याने फुप्फुसातले पाणी निघत नाही आणि करडू हातातून निसटू शकते.

त्यानंतर पुन्हा हात घातला, कारण एकदा हात घातला की आत दुसरे आहे की नाही ते तपासल्याशिवाय थांबायचे नसते. दुसरे होते, आणि त्याचे मागचे पाय पुढे होते.

मागचे पाय आधी आले तर

माणसांत ज्याला पायाळू म्हणतात तसे हे करडू. दोन्ही मागचे पाय लांब केलेले असतील तर ही स्थिती जवळजवळ सरळच मानावी आणि करडू उलटे फिरवण्याचा प्रयत्न करू नये. फक्त एक धोका ध्यानात ठेवावा. कंबर बाहेर येते तेव्हा नाळ करडाच्या पोटाशी आणि आईच्या कटीशी दाबली जाते, पण डोके अजून आत पाण्यातच असते. म्हणून टाचा बाहेर येईपर्यंत धीराने, आणि कंबर निघू लागली की न थांबता, पुढच्या एकदोन कळांत पूर्ण बाहेर काढावे. आमचे दुसरे करडू असेच दोन कळांत आले.

याचा अवघड प्रकार वेगळा आहे. मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असतात आणि ढुंगण आधी येते. बाहेर काहीच दिसत नाही, किंवा फक्त शेपटी दिसते. कटीत भक्कम काही न बसल्याने शेळी जोराच्या कळाही देत नाही, नुसती अस्वस्थ राहते, त्यामुळे ही स्थिती उशिरा लक्षात येते. इथे ढुंगण पुढे ढकलून, टाच शोधून ती वर आणि बाहेरच्या बाजूला वाकवून, खूर तळहातात झाकून मागे आणायचा असतो, एकेक पाय. खूर उघडा राहिला तर गर्भाशय फाटते. ज्याने हे कोणाच्या देखरेखीखाली केलेले नाही त्याने पहिला प्रयत्न एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकीच्या स्थिती, थोडक्यात

एक पाय आणि डोके आले, दुसरा पाय मागे राहिला, तर डोक्याला दोरी लावून करडू थोडे आत ढकलावे, आणि मागे राहिलेला पाय कोपराखाली बोट अडकवून, खूर झाकून पुढे आणावा. मोठ्या, अनेक वेते झालेल्या मेंढीचे कोकरू लहान असेल तर ते एक पाय मागे असतानाही निघू शकते. पहिलारूच्या बाबतीत तसे करू नये.

नुसते डोके बाहेर आणि दोन्ही पाय मागे, ही स्थिती भीतीदायक दिसते. डोके सुजते, जीभ निळसर पडते, आणि लोक मेले असे समजतात. जीभ चिमटून पाहावी, डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावावे, तोंडात बोट घालून चोखते का पाहावे. प्रतिसाद मिळाला तर ते नक्की जिवंत आहे; न मिळाला तरी मेलेच असे सिद्ध होत नाही. डोके फार सुजलेले असेल तर ते आत ढकलू नये, त्याला पाण्याने ओले ठेवून पशुवैद्यकांची वाट पाहावी. सूज कमी असेल तर भरपूर जेली लावून मानेशेजारून एक पाय पुढे आणण्याचा प्रयत्न करता येतो, आणि बहुधा एक पाय आला तरी पुरते.

नुसती पाठ किंवा बरगड्या हाताला लागल्या तर करडू आडवे आहे. हे घरी सोडवण्याचे काम नाही.

हात केव्हा काढायचा

माझ्या मते नवशिक्याने ही मर्यादा आधीच ठरवून ठेवावी, कारण कळा देणाऱ्या जनावरापुढे बसलेला माणूस नेमकी वेळ विसरतो. कोणाला तरी घड्याळ पाहायला सांगावे. हात आत गेल्यापासून दहा ते पंधरा मिनिटांत स्थितीत काही फरक पडला नाही तर थांबावे. फरक म्हणजे काहीतरी नेमके घडले पाहिजे: नाक हाताला लागले, पाय पुढे आला. आत्ता येईल असे वाटणे म्हणजे फरक नव्हे. स्थिती सरळ आहे, वंगण भरपूर आहे, एका माणसाच्या हाताने, कळेबरोबर, पाचसात मिनिटे मध्यम जोराने ओढूनही करडू पुढे येत नसेल, तर ते कटीपेक्षा मोठे आहे. तिथे दुसरा माणूस जोडीला घेणे, पाय टेकवून ओढणे किंवा दोरी कुठेतरी बांधून ताण देणे म्हणजे मातेचे आतले फाडणे आहे.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर हात घालणेही टाळावे. बोटांना गर्भाशयमुखाचे कडक कडे लागते आणि त्यातून दोनतीन बोटेच जातात, तरी शेळी कळा देत आहे, तर मुख उघडलेले नाही. ते बोटांनी जबरदस्तीने ताणू नये, ते फाटते. आतला मार्ग पीळ दिल्यासारखा, वळ्या पडलेला लागला तर गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो. ताजे लाल रक्त धारेने येणे, कुजका वास, करडाचे केस हातात सुटून येणे, शेळी आडवी पडून कळा देणेच थांबवणे, या सर्व वेळी पशुवैद्यकांशिवाय मार्ग नाही. आपल्याला काय हाताला लागते आहे हेच समजत नसेल, तर तेही थांबण्याचे पुरेसे कारण आहे.

कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन स्वतःहून देऊ नये. वाट बंद असताना गर्भाशय जोराने आवळले तर ते फुटते. पशुवैद्यक आले की ते कण्याजवळ भूल देऊन कळा थांबवू शकतात, मग त्याच स्थितीतले डोके सहज फिरते. नाहीतर ते पोट उघडून करडे काढतात. ही शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर शेळीमेंढी ती चांगली सोसते. चार लोकांनी चार तास हात घातल्यावर, आतले सुजल्यावर आणि करडू कुजल्यावर तीच शस्त्रक्रिया फार वेगळी ठरते.

फोनवर मोघम सांगू नये. पाणमोट केव्हा फुटली, जोराच्या कळा किती वेळ आहेत, आत नेमके काय लागले, किती वेळ आणि कोणी कोणी हात घातला, रक्त किंवा वास आहे का, आणि आधी कोणते औषध दिले आहे, एवढे सांगावे. त्यावरून ते कोणते साहित्य घेऊन यायचे हे ठरवतात. ते येईपर्यंत शेळीला स्वच्छ, कोरड्या जागी ठेवावे, पाणी द्यावे, आणि कोणालाही एकदा पाहतो म्हणून पुन्हा हात घालू देऊ नये.

नंतरचे तास

करडाची नाळ आयोडीनच्या द्रावणात बुडवावी आणि पहिल्या दोन तासांत चीक पोटात जाईल असे पाहावे; दर किलो वजनामागे साधारण 50 मिलिलिटर पहिल्या खेपेला पुरते. अवघड प्रसूतीत सुजलेले किंवा दमलेले करडू स्वतः कास शोधत नाही, त्यामुळे चीक काढून बाटलीने पाजावा लागतो. चोखत नसेल तर बाटली बळेच ओतू नये, चीक फुप्फुसात जातो. नळीने पाजण्याचे पशुवैद्यकांकडून शिकून ठेवावे.

मातेला, हात आत गेला असेल तर, प्रतिजैविक आणि वेदनाशामक लागते का हे पशुवैद्यकांनाच विचारावे, आणि सर्व ठीक वाटले तरी त्याच दिवशी विचारावे. वार बहुधा काही तासांत पडते. बारा तासांत पडली नाही तरी ती हाताने ओढू नये; पशुवैद्यकांना कळवावे. पुढचे चारपाच दिवस तापमान मोजावे. 40 अंश सेल्सिअसच्या वर ताप, दुर्गंधीयुक्त तपकिरी स्राव, चारा सोडणे किंवा पिल्लांना जवळ न घेणे, यांपैकी काहीही दिसले तर आतमध्ये संसर्ग झाला असण्याची शक्यता असते.

त्या रात्रीच्या शेळीची वार पहाटे साडेचारला पडली. दुसरे करडू तासाभरात उभे राहून दूध पिऊ लागले. पहिल्याची मान दोन दिवस डावीकडे झुकलेली होती, त्यामुळे त्याला कासेपाशी धरून उजव्या बाजूने मानेला आधार द्यावा लागे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आधाराशिवाय सड पकडताना दिसले.